‘जे द्याल ते’ म्हणजे किती?

गेल्या वैशाखात आमच्या भाच्याच्या भायलीकडच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली आणि तेव्हापासून बडोद्यातल्या आमच्या गोतावळ्यात दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, गुरुजींशी पैशाची बोलणी करणं हाच मुळात हलकटपणा. दक्षिणा ही श्रद्धेची गोष्ट, तिचा भाव ठरवायला ती काय भाजी आहे? दुसरा तट तरण्या मंडळींचा. ते म्हणतात, मंडळानं सरळ दरपत्रक छापावं. सत्यनारायण इतके, मुंज इतके, वास्तुशांत इतके. पैसे टाका, काम घ्या. गेले काही महिने हा वाद फोनवर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर खारीवावच्या रस्त्यावर उभ्या उभ्या झालेला मी ऐकला आहे. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या गोष्टीवर भांडताहेत. दक्षिणा आधी ठरवलीच पाहिजे, आणि ती ठरवण्यात शास्त्राला काडीचाही धक्का लागत नाही. पण ठरवायचा तो विधीच्या नावाचा दर नव्हे. आधी काम ठरवायचं, मग माणसं, आणि आकडा त्यांच्या मागून येतो.

झालं काय ते आधी सांगतो. भाच्यानं ओळखीतून नंबर मिळवून एका गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, “एकावन्नशे आचार्यांचे, बाकी तुमची श्रद्धा. सामान मी आणतो.” भाच्यानं ऐकलं ते ‘एकावन्नशे’. त्यानं पाच हजार एकशेचं पाकीट केलं, वर श्रद्धेचे एक हजार एक वेगळे काढले आणि मदतनीस कुणी आलाच तर असावेत म्हणून पाचशेची एक नोट खिशात ठेवली. कार्याच्या दिवशी गुरुजी तिघा ब्राह्मणांना घेऊन आले. पूर्णाहुतीला दुपारचा एक वाजला. मग हिशेब निघाला: आचार्यांचे 5,100, तिघांचे प्रत्येकी 2,100 प्रमाणे 6,300, गोप्रदानाच्या निष्क्रयाचे, म्हणजे गायीऐवजी द्यायचे, 1,100 आणि सामानाचे 3,400. एकूण 15,900. पाहुणे पानावर बसायच्या बेतात, भाच्याची बायको आत कुणाकडून सुटे पैसे गोळा करतेय, आणि भाचा हॉलमध्ये मोठ्या आवाजात म्हणतोय, “तुम्ही तर एकावन्नशे म्हणाला होतात!” गुरुजींचा चेहराही उतरलेला. तेही खोटं बोलले नव्हते. ‘आचार्यांचे’ हा शब्द त्यांनी उच्चारला होता. भाच्याला तो ऐकूच गेला नाही, कारण वास्तुशांतीत आचार्य एक आणि त्यांच्याबरोबर कर्म करणारे ऋत्विज वेगळे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

पहिल्या तटाचा मुद्दा मी आधी घेतो, कारण त्यात जीव आहे. आमच्या आजोबांच्या काळी कुणी गुरुजींशी घासाघीस केली नाही आणि तरी भांडणं झाली नाहीत, हे खरं आहे. पण का झाली नाहीत? गायकवाडी फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर जी घराणी इथं आली, त्यांच्यामागून त्यांचे उपाध्येही आले. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा भागांत यजमान आणि उपाध्ये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत. गुरुजी शोधायचा प्रश्नच नव्हता. तो वडिलांकडून मिळालेला असे. बारशाला कमी पडलं तर मुंजीत भरून निघे, मुंजीत ओढ असली तर सुगीला शिधा जाई. हिशेब पिढ्यान्‌पिढ्या उघडा राही, म्हणून एका दिवशीचा आकडा मोघम ठेवला तरी कुणाचं नुकसान होत नसे. ‘जे द्याल ते’ या शब्दांना त्या उघड्या वहीचा आधार होता. आज भाच्यानं ज्यांना बोलावलं त्यांची त्याची भेट पहिली, आणि बहुधा शेवटची. वही सकाळी उघडली आणि दुपारी एकला मिटली. अशा वेळी मोघमपणा टिकवून आपण जुनी श्रद्धा टिकवतो की नुसता तिचा उच्चार?

आणि जुनं म्हणायचं तर किती जुनं? सोमयागासाठी ऋत्विजांना निमंत्रण द्यायला जो माणूस जाई त्याला सोमप्रवाक म्हणत. आपस्तंब श्रौतसूत्रात त्याला ऋत्विजानं काय विचारायचं ते नेमून दिलं आहे: बरोबरचे ऋत्विज कोण, कोण यज्ञ चालवणार, हे काम दुसऱ्या कुणी सोडून दिलेलं तर नाही ना, आणि दक्षिणा चांगल्या आहेत ना? हे प्रश्न होकार देण्याआधीचे, विधीचाच भाग म्हणून विचारायचे. आश्वलायन गृह्यसूत्र तर हलक्या दक्षिणेचं आर्त्विज्य पत्करू नये असं स्पष्ट सांगतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, जिथं भागीदारीनं केलेल्या कामाचे कायदे आहेत, तिथं ऋत्विजांच्या वाटणीचा नियम येतो. टीकाकार तो शंभर गायींवर करून दाखवतात: सोळा ऋत्विजांचे चार गट, मुख्य चौघांना प्रत्येकी बारा, पुढच्या चौघांना सहा, मग चार, मग तीन. बेरीज बरोबर शंभर. मध्येच काम सोडून गेलेल्याला केलेल्या कामापुरता वाटा, हेही त्याच जागी आहे. म्हणजे ‘पैशाचं बोलणं अशास्त्रीय’ ही समजूत आपली घरगुती आहे. आचार्यांचे किती आणि बाकीच्यांचे किती, हा भाच्याच्या हॉलमध्ये फुटलेला प्रश्न स्मृतिकारांनी गायींत मोजून ठेवला होता.

तरी त्या तटाच्या हातात एक पान उरतं, आणि ते भक्कम आहे. दक्षिणा म्हणजे मजुरी नव्हे. ती दिल्याशिवाय कर्म पुरं होत नाही, ती कर्माचंच अंग आहे. इलेक्ट्रिशियनला पैसे बुडवले तरी पंखा फिरतो. मान्य. म्हणूनच ती आधी माहीत असली पाहिजे. जे अंग कमी पडलं तर कर्म उणं राहतं, ते ऐनवेळी खिसे चाचपून कसं पुरं करायचं?

आता दुसरा तट. दरपत्रकवाल्यांना वाटतं, ‘वास्तुशांत’ हे एका वस्तूचं नाव आहे. तसं नाही. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, आचार्यवरण, मग नवग्रहांचा ग्रहमख, वास्तुमंडलाची पूजा, हवन, बली, घराभोवती त्रिसूत्री वेष्टन, वास्तुप्रतिमेची स्थापना आणि पूर्णाहुती, असा सगळा विस्तार चार-पाच तास खातो आणि एकट्या माणसाला झेपत नाही. त्याच नावाखाली गणपतीपूजन, थोडं हवन आणि आरती करून दीड तासात पाट उचलणारेही आहेत. दोघांना एकच दर लावला तर काय होईल? पुरा विधी करणारा मार खाईल आणि आटोपणाऱ्याचं फावेल. दरपत्रक छापलं की पुढच्या वर्षी बडोद्यात सगळ्याच वास्तुशांती दीड तासाच्या होतील, हे मी आत्ताच लिहून देतो.

या गावानं तर वरून नियम घालून पाहिलं आहे. सयाजीराव महाराजांनी 1915 साली हिंदू पुरोहित कायदा केला. पौरोहित्य करणाऱ्यानं परीक्षा द्यावी, सनद घ्यावी, विधीचा अर्थ यजमानाला कळेल असा सांगावा, हा त्याचा रोख. संस्कृत महाविद्यालयही त्याच सुमाराचं. त्याआधी श्रावणातली दक्षिणा परीक्षेवर देण्याची चाल मराठी राज्यांत होतीच. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेला दक्षिणेचा प्रघात, 1731 मध्ये इथल्याच डभोईजवळ त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर, पेशव्यांनी पुण्यात चालवला. महाराजांच्या कायद्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण सनद सांगते ती गुरुजींना येतं का एवढंच. बरोबर किती जण येणार, तूप कुणी आणायचं आणि निष्क्रय वेगळा धरायचा का, हे कोणतीच सनद सांगू शकत नाही. ते दोन माणसांनी आपसांत बोलावं लागतं.

बोलायचं काय, तेच बहुतेकांना माहीत नसतं. गैरसमजाचं खरं बीज विधीच्या पोटात आहे. वास्तुशांतीत पैसे ठेवायच्या जागा अनेक असतात. विड्यावर दक्षिणा, पुण्याहवाचनाची दक्षिणा, नांदीश्राद्धाची, आचार्य आणि ऋत्विजांच्या वरणाची, गोप्रदान करायचं तर गायीऐवजी निष्क्रय, शेवटी सर्वांना मिळून भूयसी. गुरुजी प्रत्येक ठिकाणी “दक्षिणा ठेवा” म्हणतात, कारण पोथीत तसंच आहे. ज्याला हे माहीत नाही त्याला दर वीस मिनिटांनी कुणी तरी हात पुढे करतंय असं वाटतं, आणि तिसऱ्या वेळेपासून त्याचं लक्ष मंत्रांवरून उडून पाकिटावर जातं. यावर इलाज एका वाक्याचा आहे: “मधली सुटी दक्षिणा ठरलेल्या रकमेतच धरायची की वेगळी?” बरेच गुरुजी म्हणतात, मधे नाणी ठेवा, रक्कम शेवटी एकदम द्या. मग रुपया-दोन रुपयांची चाळीस-पन्नास नाणी आदल्या दिवशी बँकेतून किंवा दुकानातून आणून वाटीत ठेवायची, आणि तो विषय तिथंच संपतो. निष्क्रय किंवा दानं वेगळी धरायची असतील तर तोही आकडा फोनवरच विचारायचा. यात लाजण्यासारखं काय आहे?

दुसरी जागा माणसांची. “तुमच्याबरोबर किती ब्राह्मण येतील आणि त्यांची दक्षिणा तुमच्या रकमेत आहे का?” भाच्यानं एवढं विचारलं असतं तर त्याला तेव्हाच 11,400 चा आकडा कळला असता. कदाचित तो म्हणाला असता, गुरुजी, तिघांऐवजी एकजण चालेल का? गुरुजी म्हणाले असते, चालेल, पण जप कमी करावा लागेल आणि दोन वाजतील. ही खरी बोलणी. यात कुणाचा अपमान नाही. दोघंही कामाबद्दल बोलताहेत. आणि याच दमात हेही विचारावं की त्या दिवशी गुरुजी स्वतः येणार ना, की दुसरं कार्य आहे. वैशाखातल्या किंवा देवउठी एकादशीनंतरच्या मोठ्या मुहूर्ताला एकाच गुरुजींकडे तीन घरं असतात. विठ्ठलाच्या वरघोड्याची मिरवणूक मांडवीतून निघाली की दुसऱ्या आठवड्यापासून फोन लागेनासा होतो. शिष्य पाठवण्यात चूक नाही, पण ते यजमानाला माहीत असावं. वेळही ठरवावी ती सुरुवातीची नव्हे, पूर्णाहुतीची. कारण पंगत तिच्यावर बांधलेली असते, आणि घाई झाली की कात्री मंत्रांनाच लागते.

तिसरी जागा सामानाची. “सामान मी आणतो” यात फूल, हार, केळीचे खांब, नारळ येतात का? तूप येतं का? समिधा, वास्तुप्रतिमा आणि पूजेचं बारीकसारीक गुरुजींनी आणलेलं बरं, कारण नऊ ग्रहांच्या समिधा नीट ओळखून आणणं आपल्याला जमत नाही. तूप, तांदूळ, नारळ, फळं, वस्त्रं घरची असावीत. त्यांचा दर्जा आणि किंमत आपल्याला कळते. यादी लिहून मागावी आणि तिच्यावर कोण काय आणणार याच्या खुणा कराव्यात. एक गोष्ट मात्र यादीत कधीच नसते: मंडलावरचं धान्य, वस्त्र, प्रतिमा हे पीठदान म्हणून आचार्यांना जातं, आणि पुष्कळ घरी कलशाचा तांब्याही. माझ्या एका वहिनींनी लग्नातला आहेराचा तांब्या कौतुकानं कलशाला काढला आणि तो निघून जाताना बघत राहिल्या. परत मागण्याची सोय नव्हती. विचारून ठेवलं असतं तर साधा तांब्या आणला असता.

फ्लॅटच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत बसवायची असते आणि फ्लॅटला जमीन कुठली? फरशी बसवतानाच त्या कोपऱ्यातली एक लादी सुटी ठेवायला सांगावी. कार्याच्या दिवशी हे आठवलं तर छिन्नी शोधण्यात अर्धा तास जातो. हवनाच्या धुराचंही सोसायटीला आधी सांगावं आणि कुंडाखाली विटा-वाळू घ्यावी, नाहीतर नवी फरशी तडकते. चांगले गुरुजी हे स्वतःहून विचारतात. खरं तर माणूस पारखायची माझी कसोटी हीच आहे. जो फोनवर गोत्र, शाखा, यजमान-पत्नीची नावं, मजला, घरात वयस्कर कोण, हे विचारतो, तो त्या घरचं कार्य करायला निघाला आहे. जो काहीच न विचारता “सगळं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका” म्हणतो, त्याच्याबद्दल मी थोडी काळजी करतो.

शाखेवरून आठवलं. बडोद्यात गुजराती गोर महाराजांची संख्या अर्थातच मोठी आहे आणि त्यांच्यात विद्वान माणसं आहेत. इथं त्यांचा मुख्य प्रघात शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचा. आपल्याकडे ऋग्वेदी घरं पुष्कळ. वास्तुशांतीत हा फरक घरच्या बायकांना जाणवतो तो मंत्रांपेक्षा मांडणीत आणि कुलाचारात. मुंज-लग्नात तो फारच जाणवतो: अंतरपाट, मंगलाष्टकं, देवक बसवणं. महाराजांना बोलावू नका असं माझं म्हणणं नाही. आमच्या शेजारच्या घरी एका महाराजांनी ‘तुमच्याकडे कसं करतात’ हे आधी एक तास बसून समजून घेतलं आणि फार देखणं कार्य केलं. पण तो एक तास हवा. आणि शोधायचंच असेल तर नंबरांच्या यादीत शोधू नये. गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरी हेच कार्य झालं त्यांना विचारावं, आणि ‘गुरुजी कसे आहेत’ असं विचारू नये. त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात. किती वाजता आले, किती जण होते, शेवटी किती दिले आणि ठरले होते किती, हे विचारावं. ठरलेला आणि दिलेला आकडा एकच असेल तर नंबर घ्यावा.

राहता राहिला गरिबाचा मुद्दा, जो पहिल्या तटाचे लोक नेहमी शेवटी काढतात: आधी ठरवायचं म्हटलं तर ज्याच्याकडे नाही त्यानं काय करावं? याचं उत्तर मनूनं फार रोखठोक दिलंय: अल्प दक्षिणेचा यज्ञ करूच नये. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यातला व्यवहार बघा. दक्षिणा तोडू नका, विधी लहान करा. ग्रहमखासह वास्तुशांत परवडत नसेल तर उदकशांत करता येते. तिला होमाचा पसारा नाही. तेही जड जात असेल तर गणपतीपूजन करून दूध उतू घालावं आणि राहायला जावं. “माझ्याकडे तीन हजार आहेत, यात काय नीट होईल?” हा प्रश्न विचारणारा यजमान मला पंधरा हजारांचा विधी तीन हजारांत मागणाऱ्यापेक्षा जास्त श्रद्धाळू वाटतो. बहुतेक गुरुजी अशा माणसाला दोन गोष्टी जास्तच करून देतात. आणि ठरलेल्या रकमेवर काही द्यावंसं वाटलं तर कुणी हात धरलेला नाही. किंबहुना तेव्हाच ती श्रद्धा म्हणून ओळखू येते, कारण ती मागितलेली नसते.

पूर्वी गुरुजींना कार्याचं बोलावणं सुपारी आणि अक्षत देऊन होई. ‘सुपारी देणे’ या शब्दांचं पुढं मराठीत काय झालं ते सांगायला नको. पण मूळ अर्थ हाच होता की आता हे काम तुमच्यावर, आणि तुम्ही ते पत्करलं. या कार्तिकात मावशीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, तेव्हा मी भाच्यालाच बरोबर नेलं. गुरुजी वेगळे, पण घरी जाऊन, पाटावर सुपारी ठेवून बोललो. आचार्य आणि दोन ब्राह्मण, तिघांचे मिळून नऊ हजार, मधली नाणी आमची, सामान अर्धं अर्धं, पूर्णाहुती साडेबाराला. भाच्यानं ते सगळं मोबाइलवर टिपून तिथल्या तिथं गुरुजींना पाठवलं. मला जरा संकोचच वाटला. गुरुजींनी चश्मा लावून वाचलं, “बरोबर आहे” म्हणाले, आणि मग विचारलं, “आजींना पाटावर बसवतं का, की खुर्ची लागेल? खुर्ची असेल तर कुंड मला त्या मानानं मांडावं लागेल.”